मृत्यूच्या कारणाचा दाखला: फॉर्म ४ मधलं इंग्रजी मराठीत नीट कसं उतरवायचं (सर्पदंशाच्या केससह)

घरातलं माणूस गेल्यावर दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतच कोणीतरी म्हणतं, अरे इन्शुरन्सचं बघा, शेतकरी अपघात योजनेचं बघा. मग फाईल उघडली जाते आणि त्यात डॉक्टरच्या अक्षरातला एक इंग्रजी कागद निघतो. घरात जो कोणी डीएड नाहीतर बीएस्सी झालेला असेल त्याच्या हातात तो पडतो, "तू वाच रे, काय लिवेल शे त्यामा?" आमच्याकडे मामा गेले तेव्हा तो कागद माझ्याकडे आला, नंतर भाऊबंदांतले आणि आजूबाजूच्या गावातले असे बरेच कागद बघून झाले. म्हणून इथे सगळं एकदाच ओळीने लिहितोय. उदाहरण सर्पदंशाचंच घेतो, कारण आपल्या भागात ते नेहमीचं आहे आणि भाषांतरात एक शब्द चुकला तर सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

१. आधी हातात कोणता कागद आहे ते बघा

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा मृत्यू दाखला वेगळा आणि मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं. पहिल्यावर नाव, तारीख, ठिकाण, पत्ता असतं, कारण नसतं. ते विसरून राहिलेलं नसतं, जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १७ मध्येच लिहिलंय की उताऱ्यावर कारण द्यायचं नाही. तरी लोक त्याच्यासाठी ग्रामसेवकाशी भांडतात.

कारण असतं ते फॉर्म ४ मध्ये, म्हणजे दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं तर तो फॉर्म ४ ए. आधी हा कागद परस्पर निबंधकाकडे जायचा आणि घरच्यांना दिसतच नसे. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे, आणि तिच्याप्रमाणे दवाखान्याने याची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे, तीही फुकट. डिस्चार्ज काउंटरवर "असं काही देत नसतो" असं ऐकायला मिळालं तर या दुरुस्तीचं नाव घेऊन साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पोलिस केस असेल, म्हणजे साप, करंट, विहीर, रस्ता, फवारणी यातलं काही, तर पोस्टमॉर्टेम रिपोर्टही लागतो. त्याच्यातलं कारण आणि फॉर्म ४ मधलं कारण शेजारी शेजारी ठेवूनच भाषांतराला बसायचं.

२. भाषांतर कोणाला हवंय ते विचारून घ्या

बरेच जण सगळंच भाषांतर करून नोटरी मारून आणतात आणि काउंटरवर कळतं की गरजच नव्हती. विमा कंपनी इंग्रजी फॉर्म ४ जसाच्या तसा घेते, तिथे मराठी नको. उलट पोलिसांचा पंचनामा मराठीत असतो आणि कंपनीचं क्लेम ऑफिस महाराष्ट्राबाहेर असलं की त्याचं इंग्रजी मागतात. तालुका कृषी कार्यालयात कामकाज मराठीत, तिथे इंग्रजी कारणासोबत मराठी जोडलेलं बरं पडतं. वारस दाखल्यासाठी कोर्टात गेलात तर वकील सांगेल ते. आणि सुरतला मृत्यू झाला असेल, जे आपल्याकडे घरटी एखादं माणूस उधना-लिंबायतला असल्यामुळे होतंच, तर गुजराती कागदांचं मराठी किंवा इंग्रजी लागतं.

घरच्यांसाठी जे सांगायचं ते आणखी वेगळं, त्यावर खाली लिहितो. ते आणि ऑफिसचं भाषांतर एका कागदावर कधीच आणू नका.

३. फॉर्म ४ ची शिडी समजून घ्या

कारणाच्या रकान्यात दोन भाग असतात. पहिल्या भागात ए, बी, सी अशा तीन ओळी, आणि मधे "ड्यू टू" असं छापलेलं. ए वर शेवटी जे झालं ते. ते ज्याच्यामुळे झालं ते बी वर. आणि ज्या गोष्टीपासून सगळं सुरू झालं ती सगळ्यात खालच्या ओळीवर. म्हणजे वाचायचं खालून वर. दुसऱ्या भागात असे आजार लिहितात ज्यांनी हातभार लावला असेल पण जे या साखळीत बसत नाहीत.

प्रत्येक ओळीपुढे उजवीकडे एक रकाना असतो, ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती वेळ गेला त्याचा. खाली मृत्यूचा प्रकार असतो: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून, तपास बाकी. आणि अपघात असेल तर इजा कशी झाली त्याची एक ओळ.

क्लेमसाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ खालची, आणि घरात मोठ्याने वाचली जाते ती नेमकी वरची! इथूनच घोळ सुरू होतो. वरच्या ओळीवर "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" असलं की गावभर होतं, हार्ट अटॅक आला. त्याचा अर्थ फक्त हृदय आणि श्वास बंद पडला एवढाच, ते तर कोणाचंही शेवटी बंद पडतंच. फॉर्मवरच डॉक्टरांना सूचना छापलेली असते की मरण्याची पद्धत लिहू नका, कारण लिहा, तरी सवयीने लिहिलं जातं. त्याचं मराठी "हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे" असंच करा, "हृदयविकाराचा झटका" चुकूनही लिहू नका.

४. आता प्रत्यक्ष केस

मामा चोपडा तालुक्यातले. रात्रीची लाईट होती म्हणून पाणी भरायला शेतात गेले आणि खळ्यावरच आडवे झाले. पहाटे पोट दुखायला लागलं, सगळ्यांना वाटलं जेवणाचं काहीतरी. सहाच्या सुमाराला पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं, तेव्हा तालुक्याला नेलं, तिथून जळगाव. मण्यार चावली की असंच होतं, झोपेत चावते, दुखत नाही, खूण तर कधी कधी दिसतही नाही. संध्याकाळी सहाला गेले.

फॉर्ममध्ये होतं ते असं. ए: रेस्पिरेटरी फेल्युअर, १० तास. बी: न्यूरोपॅरालिसिस, १२ तास. सी: स्नेक बाइट, अननोन स्पीशीज, १६ तास. दुसऱ्या भागात: टाइप टू डायबेटिस, ८ वर्षं. प्रकार: अपघात.

एका नातेवाईकाने कृषी कार्यालयासाठी याचं मराठी टाईप करून आणलं होतं, त्यात लिहिलेलं, "श्वसनाचा आजार, पक्षाघात, सर्पदंश, मधुमेह". चार शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत. आता टेबलापलीकडच्या माणसाच्या जागी बसून वाचा. माणसाला दम्यासारखं काहीतरी होतं, लकवा मारलेला होता, शुगर होती, आणि मधेच कुठेतरी साप. अपघाताच्या योजनेत नैसर्गिक मृत्यू बसत नाही, मग तो त्रुटी काढणारच, त्याचं काय चुकलं!

तेच नीट केलं तर असं होतं:

भाग १
(अ) श्वसनक्रिया निकामी होणे. कालावधी १० तास.
(अ) चे कारण: (आ) मज्जातंतूंचे कार्य बंद पडून अवयव लुळे पडणे. कालावधी १२ तास.
(आ) चे कारण: (इ) सर्पदंश, सापाची जात अज्ञात. कालावधी १६ तास.
भाग २ (मृत्यूस हातभार लावणारी, परंतु वरील कारणसाखळीशी संबंध नसलेली स्थिती): टाइप २ मधुमेह, ८ वर्षे.
मृत्यूचा प्रकार: अपघात.

यात तीन गोष्टी बघा. "फेल्युअर" म्हणजे आजार नाही, ते काम बंद पडणं आहे, म्हणून "श्वसनाचा आजार" हे चूकच. न्यूरोपॅरालिसिसला डिक्शनरीत पक्षाघात मिळेल, पण आपल्याकडे पक्षाघात म्हटलं की लकवाच डोळ्यासमोर येतो, मेंदूचा झटका, म्हणून मी तो शब्द टाळतो आणि काय झालं ते उलगडून लिहितो. आणि "चे कारण" हे प्रत्येक ओळीला लिहायचंच, ते गाळलं की साखळी तुटते आणि चार वेगवेगळे आजार झाल्यासारखं दिसतं.

बी ओळीत "विषामुळे" असा शब्द घालायचा मोह होतो, अर्थ तोच आहे, मला पण वाटलं होतं घालावा. पण डॉक्टरने तो तिथे लिहिलेला नाही. खालची ओळ ते काम करतेच आहे, तुम्ही काही वाढवू नका.

५. वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून तपासा

खालच्या ओळीचा वेळ वरच्यापेक्षा जास्त किंवा तेवढाच असायला हवा. आमच्या केसमध्ये दंश रात्री दोनच्या आसपास, पापण्या जड सहाला, श्वास गेला आठला, मृत्यू संध्याकाळी सहा. १६, १२, १०, बरोबर बसतं. उलटं दिसलं तर एकतर तुम्ही ओळी फिरवल्या किंवा अक्षर चुकीचं वाचलं.

घसटलेल्या अक्षरात तासाचं "एचआरएस" आणि वर्षाचं "वायआरएस" अगदी सारखं दिसतं. १२ तासांचे १२ वर्षं झाले तर जीवन विम्यात मोठा वांधा, कारण पॉलिसी घेऊन ३ वर्षं झालेली नसतील तर कंपनी आजार लपवला का हे बघू शकते. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षं उलटून गेल्यावर पॉलिसीवर असे प्रश्न काढता येत नाहीत, पण त्याच्या आत काढता येतात. म्हणूनच त्या डायबेटिसच्या "८ वर्षे" कडेही नीट लक्ष द्या. प्रपोजल फॉर्ममध्ये शुगर नाही असं लिहिलेलं असेल आणि पॉलिसी दोन वर्षांची असेल तर प्रश्न येणार. म्हणून भाषांतरात तो आकडा खोडायचा किंवा गाळायचा नाही, मूळ इंग्रजी त्यांच्याकडे आहेच, मग खोटेपणा तुमच्या नावावर येतो.

वाचता येत नसेल तर अंदाज करू नका. सरळ "अक्षर अस्पष्ट" असं चौकटी कंसात लिहा, किंवा त्या डॉक्टरच्या कंपाउंडरकडून नाही, डॉक्टरकडूनच वाचून घ्या.

६. पोस्टमॉर्टेम रिपोर्टातले तीन फसवे शब्दप्रयोग

"अलेज्ड हिस्टरी ऑफ स्नेक बाइट". डिक्शनरीप्रमाणे "कथित सर्पदंश" होतं आणि ते वाचलं की वाटतं डॉक्टरला संशय होता. डॉक्टर फक्त एवढंच म्हणतोय की हे मी बघितलं नाही, सोबतच्यांनी सांगितलं. "सोबतच्या व्यक्तींनी सर्पदंश झाल्याचे सांगितले" असं लिहा, अर्थही पूर्ण येतो आणि वासही येत नाही.

"कन्सिस्टंट विथ स्नेक बाइट". याचं "सर्पदंशानेच मृत्यू" करू नका, तो जास्तीचा अर्थ झाला. "निष्कर्ष सर्पदंशाशी जुळणारे आहेत" एवढंच. कमी वाटलं तरी तेवढंच.

"ओपिनियन रिझर्व्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ड". म्हणजे "मत राखून ठेवले आहे, अवयवांचे नमुने तपासणीसाठी जतन केले आहेत". हे असेल तर कारण अजून ठरलेलंच नाही, क्लेम करताना त्याच्यासोबत पोलिस स्टेशनमधून फायनल ओपिनियन मागून घ्यावं लागतं. पुढे लॅबचा रिपोर्ट येतो तेव्हा त्यात बऱ्याचदा असतं की सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळून आले नाही. भाषांतर करणारा त्याचं नुसतं "विष आढळले नाही" करतो, आणि झालं, साप चावलाच नाही असा अर्थ निघतो! ती रासायनिक तपासणी कीटकनाशकं वगैरेंसाठी असते, सापाचं विष त्यात नेहमीप्रमाणे तपासलं जात नाही. म्हणून "रासायनिक तपासणीत" हे शब्द गाळायचे नाहीत, आणि पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरचं अंतिम मत जोडल्याशिवाय हा रिपोर्ट एकटा कुठे द्यायचा नाही.

७. कोणता क्लेम, कोणती ओळ

प्रधानमंत्री सुरक्षा विमा, ज्याचे बँकेतून वर्षाला २० रुपये कटतात, तो फक्त अपघाताचा, मृत्यूला २ लाख. सर्पदंश त्यात बसतो, हार्ट अटॅक बसत नाही. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा घटनेत दवाखान्याचा लगेचचा रेकॉर्ड बघतात, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यातला पहिला केसपेपर, जिथे "स्नेक बाइट" लिहिलंय, तो फॉर्म ४ इतकाच जपा. बँकेत शक्यतो ३० दिवसांत कळवा.

जीवन ज्योती, ४३६ रुपयेवाली, तिला कारणाचं फारसं पडलेलं नाही, नवीन नाव घातल्यावर पहिले ३० दिवस सोडले तर कोणत्याही कारणाने मृत्यू चालतो. तिच्यासाठी भाषांतराच्या मागे धावू नका.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून. सातबारा, मृत्यू दाखला, पोलिसांचे कागद, पोस्टमॉर्टेम, वारसाचे कागद. मराठी भाषांतर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते इथेच.

एलआयसीत मृत्यू लवकरचा असेल, म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या ३ वर्षांतला, तर क्लेम फॉर्म बी आणि बी १ डॉक्टर आणि दवाखान्याकडून भरून घ्यावे लागतात. ते भरताना डॉक्टरसमोर फॉर्म ४ ची झेरॉक्स ठेवा. एका कागदावर ८ वर्षं आणि दुसऱ्यावर १० वर्षं असं झालं की पत्रव्यवहार सुरू.

८. ऑफिसच्या भाषांतराचा साचा

मूळ जसं दिसतं तसंच मांडा, ओळीला ओळ. शिक्का असेल तिथे "गोल शिक्का", सही असेल तिथे "सही", रिकामा रकाना असेल तिथे "रिक्त". नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे. शेवटी भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, दोन्ही भाषा येतात आणि हे मूळ कागदावरून केलंय असं निवेदन, तारीख, सही. कोर्टासाठी असेल तर हे प्रतिज्ञापत्रावर.

नोटरीबद्दल एक गैरसमज आहे. नोटरी तुमच्या सहीची साक्ष देतो, भाषांतर बरोबर आहे याची हमी देत नाही. शिक्का कितीही लाल असला तरी आतला शब्द चुकीचा असेल तर तो चुकीचाच राहतो. क्लेम करणाऱ्या वारसाने स्वतः भाषांतरावर सही करू नये, दुसरं कोणीतरी बघा, एखादे निवृत्त गुरुजी किंवा वकिलाकडचा माणूस.

९. मूळ कागदच चुकला असेल तर

उदाहरणार्थ सी ओळ रिकामी आणि सर्पदंश कुठेच नाही, किंवा प्रकारात नैसर्गिक वर टिक. हे भाषांतरात दुरुस्त होत नाही. दवाखान्याला अर्ज द्या, सोबत केसपेपर आणि पोस्टमॉर्टेमची प्रत लावा, डॉक्टरने सही-शिक्क्यासह दुरुस्त प्रमाणपत्र द्यायचं आणि निबंधकाकडच्या नोंदीची दुरुस्ती कलम १५ खाली होते. वेळ लागतो, म्हणून क्लेम थांबवून ठेवू नका, मुदतीत अर्ज टाका आणि "दुरुस्त प्रमाणपत्र सादर करू" असं लेखी द्या.

१०. घरच्यांना सांगताना

इथे ओळीला ओळ लागत नाही. आजीला दोन वाक्यं हवी असतात आणि तिच्या बोलीत हवी असतात. आमच्याकडे मी एवढंच सांगितलं, "मामाले रातले साप चावना, त्याना इखमुये दम बंद पडना, साखरमुये नही." शेवटचे शब्द मुद्दाम, कारण शुगरची गोळी वेळेवर दिली नाही म्हणून मामी स्वतःला बोल लावत बसली होती आणि दुसऱ्या भागात डायबेटिस बघून कोणीतरी तिला तसं म्हणालं पण होतं. तिला मी दुसऱ्या भागाचा अर्थ वेगळा समजावला: साखळी सापापासून सुरू होऊन श्वासावर संपते, शुगर बाहेर उभी आहे.

कागदावर आत्महत्या, दारू किंवा एचआयव्ही असं काही असेल तर सगळ्यांसमोर वाचू नका. जवळच्या एकाला बाजूला घेऊन सांगा, पुढे कोणाला किती सांगायचं ते त्यांनी ठरवावं. झेरॉक्सवाल्याकडे सुद्धा तो कागद सोडून चहा प्यायला जाऊ नका, आपल्याकडे दुकानातून गावात बातमी जायला वेळ लागत नाही. मूळ फॉर्म ४ कुठल्याच टेबलावर द्यायचा नाही, दाखवायचा आणि परत घ्यायचा, जमा करायची ती साक्षांकित प्रत, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच त्याच फाईलमध्ये.